नाडीत न सापडणारी लहर

ईदच्या सुट्टीत माझी भाची घरी आली होती. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शीरखुर्म्याची वाटी बाजूला सरकवून तिने पुस्तक उघडले आणि म्हणाली, "मामू, एवढं एक चित्र समजावून द्या. तोंडी परीक्षेत बाईंनी विचारलं, पी लहरीच्या वेळी हृदयात काय होतं? मी म्हटलं, ठोका पडतो. सगळ्या हसल्या."

"पी म्हणजे काय वाटलं तुला?"

"पी म्हणजे पल्स. आणि टी म्हणजे टाइम असेल."

मी हसलो नाही, कारण हा घोळ फक्त तिचा नाही. ईसीजीची पट्टी आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात एखाद्या फाइलमध्ये असते. त्यावरच्या रेषा पाहून माणूस घाबरतो किंवा निर्धास्त होतो, पण त्या रेषा कशाच्या आहेत हे कोणी सांगत नाही. म्हणून त्या दुपारी भाचीबरोबर जे वाचले तेच या महिन्याच्या सदरात देत आहे.

आधी अक्षरांचा उलगडा करू. पी, क्यू, आर, एस, टी ही कुठल्याही शब्दांची आद्याक्षरे नाहीत. हॉलंडमधील लायडन येथे विलेम आइन्थोवेन नावाचे शास्त्रज्ञ हृदयाच्या विजेची नोंद घेत होते. 1895 मध्ये त्यांनी आलेखावरच्या चढउतारांना ही ओळीने येणारी अक्षरे दिली. याच क्षेत्रातील कामासाठी त्यांना 1924 चे नोबेल पारितोषिक मिळाले. अक्षरे अजून तीच आहेत. त्यांत अर्थ शोधू नये, फक्त क्रम लक्षात ठेवावा.

आता कागद. ईसीजीचा कागद चौकटींचा असतो. लहान चौकट 1 मिलिमीटरची, आणि अशा पाच लहान चौकटींची एक मोठी चौकट. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर वेगाने सरकतो. म्हणजे आडवी एक लहान चौकट 0.04 सेकंदाची, मोठी 0.2 सेकंदाची, आणि पाच मोठ्या चौकटी सरकल्या की एक सेकंद झाला. उभी उंची विजेचा दाब दाखवते. 10 मिलिमीटर उंची म्हणजे 1 मिलिव्होल्ट, आपल्या टॉर्चच्या एका सेलच्या दाबाचा दीड हजारावा भाग. वेग आणि उंचीचे हे प्रमाण पट्टीच्या कडेला छापलेले असते. ते आधी वाचायचे. कोणी मशीनचा वेग दुप्पट ठेवला असेल तर सगळी मापे दुप्पट रुंद दिसतील आणि चांगल्या माणसाला आजारी ठरवाल.

पुस्तकातल्या चित्रात एकच पट्टी होती, लीड टू नावाची. उजव्या हातापासून डाव्या पायाच्या दिशेने पाहिल्यावर हृदयाची वीज जशी दिसते, तशी ही नोंद. हृदयातली वीजही साधारण याच दिशेने, वरून खाली डावीकडे जाते. त्यामुळे या पट्टीत लहरी ठळक उमटतात आणि पुस्तकवाले हीच पट्टी निवडतात.

मी भाचीला म्हटले, "नाव घेऊ नकोस. बोट ठेव आणि डावीकडून उजवीकडे काय दिसतं ते सांग."

"आधी सपाट रेषा. मग एक लहान, गोल टेकडी."

ती टेकडी म्हणजे पी. हृदयाचे चार कप्पे असतात, दोन वरचे आणि दोन खालचे. उजव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीत सायनस नोड नावाचा पेशींचा पुंजका आहे. तो स्वतःहून विजेची ठिणगी टाकतो. ती ठिणगी दोन्ही वरच्या कप्प्यांच्या स्नायूंत पसरते, आधी उजव्या आणि मग डाव्या. हे पसरणे म्हणजे पी लहर. पुस्तकाच्या भाषेत वरच्या कप्प्यांचे डीपोलरायझेशन. वरच्या कप्प्यांची भिंत पातळ, म्हणून टेकडी बुटकी. पुस्तकातली पी दोन चौकटी रुंद आणि दीड चौकट उंच होती. साधारणपणे ती तीन चौकटींपेक्षा रुंद आणि अडीच चौकटींपेक्षा उंच नसावी.

"मग थोडी सपाट रेषा," भाची म्हणाली. "तिथे काही होत नाही?"

तिथे फार महत्त्वाचे काम चालू असते, फक्त ते कागदावर उमटत नाही. वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये विजेला जाऊ न देणारा पडदा आहे आणि त्यात एकच वाट आहे, एव्ही नोड. रेल्वेच्या फाटकावर गाडी थांबावी तशी वीज इथे साधारण एक दशांश सेकंद रेंगाळते. तेवढ्या वेळात वरचे कप्पे आकसून उरलेले रक्त खाली ढकलतात. हा थांबा नसता तर चारही कप्पे एकदम आवळले गेले असते आणि खालचे कप्पे पुरते भरलेच नसते. पी सुरू झाल्यापासून पुढची मोठी लहर सुरू होईपर्यंतच्या या अंतराला पीआर अंतर म्हणतात. ते तीन ते पाच लहान चौकटींचे असावे. पुस्तकात चार होते, म्हणजे 0.16 सेकंद.

त्यानंतर येते ती सगळ्यांच्या ओळखीची टोकदार सुई, म्हणजे क्यूआरएस. फाटक उघडताच वीज जलद तारांसारख्या तंतूंतून खालच्या कप्प्यांत धावते. आधी दोन कप्प्यांमधली भिंत, डावीकडून उजवीकडे. तो सुरुवातीचा छोटासा खड्डा म्हणजे क्यू. मग डाव्या खालच्या कप्प्याची जाड भिंत. तो उंच कळस म्हणजे आर. शेवटी बुडाकडचा उरलेला भाग, तो खालचा खड्डा एस. स्नायू पुष्कळ म्हणून लहर उंच. रस्ता वेगवान म्हणून अरुंद. पुस्तकात ती फक्त दोन चौकटींची होती, 0.08 सेकंद. ती तीन चौकटी किंवा अधिक रुंद झाली तर समजावे की वीज नेहमीच्या वेगवान रस्त्याने गेलेली नाही.

भाचीचा पुढचा प्रश्न चांगला होता. "मामू, मग ठोका हाच ना?"

अगदी तसेही नाही. क्यूआरएस हा हुकूम आहे. हुकूम सुटल्यानंतर क्षणभराने स्नायू आवळू लागतो, आणि रक्ताची लाट मनगटापर्यंत पोचायला आणखी थोडा वेळ जातो. तरीही मनगटावर जी नाडी लागते ती या क्यूआरएसची. पी लहरीची नाडी लागत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिची गरज लागणार आहे.

क्यूआरएसनंतर रेषा पुन्हा सपाट होते आणि मग एक रुंद, सावकाश चढणारी टेकडी येते. ती टी. या वेळी खालच्या कप्प्यांचे स्नायू विजेच्या दृष्टीने पूर्वस्थितीला येत असतात, पुढचा हुकूम घ्यायला तयार होत असतात. यालाच रीपोलरायझेशन म्हणतात. हुकूम तारांवरून जातो म्हणून झटपट पोचतो. पूर्वस्थितीला मात्र प्रत्येक पेशी आपापली येते, म्हणून टी लहर रुंद आणि सौम्य असते.

"पण आधीच्या उलट क्रिया आहे, तर टी खाली का नाही? ती पण वरच आहे."

हा प्रश्न वर्गात क्वचित कोणी विचारते. वीज आतल्या थरातून बाहेरच्या थराकडे जाते. मोकळे होताना मात्र बाहेरचा थर आधी मोकळा होतो आणि आतला नंतर. एसटीत शेवटी चढलेला माणूस दाराशी उभा असतो आणि तोच आधी उतरतो, तसे. क्रिया उलट आणि दिशाही उलट. दोनदा उलट झाले की सुलट होते. म्हणून लीड टूमध्ये निरोगी टी लहर आरच्या बाजूला, वरच असते.

"आणि वरच्या कप्प्यांची टी?"

तीही असते, पण छोटी असते आणि नेमकी क्यूआरएसच्या वेळी येते. नगारा वाजताना कोणी कुजबुजले तर ऐकू येत नाही, तशी ती झाकली जाते.

आता पट्टीवर लागोपाठचे ठोके मोजायचे. पुस्तकात एका आरपासून दुसऱ्या आरपर्यंत 20 लहान चौकटी होत्या. एका मिनिटात 1500 लहान चौकटी सरकतात. 1500 भागिले 20 म्हणजे 75. मिनिटाला 75 ठोके. भाचीने वहीत लिहिले: पी आहे, पीआर चार, क्यूआरएस दोन, टी वर, गती 75. "आता येतं," ती म्हणाली.

मी उठलो आणि कपाटातून एक फाइल काढली. त्यात तिच्या नानीची, म्हणजे माझ्या अम्मीची, एक जुनी पट्टी आहे. "ही वाच," म्हटले.

तिने पहिल्या ठोक्यावर बोट ठेवले. "पी आहे, गोल, सरळ. पीआर पाच चौकटी, ठीक. क्यूआरएस थोडा रुंद, चार चौकटी. टी आहे. ठोके जरा लांब लांब आहेत. नानीचं वय होतं, म्हणून असेल."

"म्हणून असेल" हे शब्द ऐकून मला वाईट वाटले, कारण तेच शब्द एकेकाळी मी वापरले होते. अम्मी गावाकडे स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली तेव्हा भावाने मला फोन केला. मी घरातला डॉक्टर. मी फोनवरच सांगितले, उन्हाळा आहे, पाणी कमी पिते, वय झालंय, म्हणून असेल, मीठ-साखरेचं पाणी द्या. पंधरा दिवसांनी ती परत पडली. मी तेच सांगितले. तिसऱ्यांदा पडली तेव्हा कपाळाला टाके पडले आणि मी गाडी काढून गेलो. खाटेवर बसून तिचे मनगट हातात घेतले आणि घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजले. 36. तासाभरात तालुक्याला नेऊन काढलेली ही पट्टी.

मी भाचीला म्हटले, "एकच ठोका वाचलास. पुस्तकात एकच छापतात म्हणून तशी सवय लागते. आता दुसरा कागद घे. त्याची कड पट्टीला लाव आणि फक्त पी लहरींवर खुणा कर."

तिने पहिल्या दोन ठळक पींवर पेन्सिलीने खुणा केल्या. अंतर 18 चौकटी. मग तोच कागद पुढे सरकवत गेली, म्हणजे पुढची पी कुठे यायला हवी ते आपोआप कळते. पुढची पी तिथे होती. त्यापुढची पण. एक पी टी लहरीच्या उतारावर चढली होती, म्हणून ती टी जरा फुगल्यासारखी दिसत होती. एक तर क्यूआरएसच्या पोटात दडली होती. डोळ्याला दिसत नव्हती, पण खूण नेमकी तिथेच पडत होती. पी एकदाही चुकली नव्हती. 1500 भागिले 18, म्हणजे मिनिटाला साधारण 83.

"आता क्यूआरएसच्या खुणा."

त्यांचेही अंतर सारखे निघाले, 42 चौकटी. 1500 भागिले 42, जवळजवळ 36.

"आणि प्रत्येक क्यूआरएसच्या आधीची पी किती लांब आहे?"

तिने मोजले. पहिल्यात 5, दुसऱ्यात 11, तिसऱ्यात 17, चौथ्यात पुन्हा 5. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मामू, यांचा एकमेकांशी संबंधच नाही."

हेच त्या पट्टीचे उत्तर. वरचे कप्पे मिनिटाला 83 वेळा हुकूम देत होते, फाटक बंद पडले होते, आणि खाली काहीच पोचत नव्हते. खालच्या कप्प्यांनी नाइलाजाने स्वतःचा मंद ताल धरला होता, 36 चा. तो ताल नेहमीच्या रस्त्याबाहेरून, स्नायूतूनच उठत होता, म्हणून क्यूआरएस रुंद होता. पहिल्या ठोक्यात पी आणि क्यूआरएस पाच चौकटींवर आले तो निव्वळ योगायोग. दोन वेगळ्या गतीचे लोक रस्त्यात क्षणभर शेजारी दिसावेत, तसा. या विकाराला पूर्ण हार्ट ब्लॉक म्हणतात. खालचा तो मंद ताल भरवशाचा नसतो. तो काही सेकंद थांबला की मेंदूला रक्त पोचत नाही आणि माणूस कोसळतो. अम्मी याच कारणाने पडत होती. मीठ-साखरेच्या पाण्याने बंद पडलेले फाटक उघडणार नव्हते.

नाव हार्ट ब्लॉक असले तरी हा रक्तवाहिनीतला अडथळा नव्हे, हेही इथे सांगून ठेवतो. "ब्लॉक आहे" म्हटले की लोक अँजिओप्लास्टीचा खर्च विचारू लागतात. हा अडथळा विजेच्या वाटेवरचा. अम्मीला पेसमेकर बसवला. एक तार वरच्या उजव्या कप्प्यात, ती पी ओळखते. दुसरी खालच्या उजव्या कप्प्यात, ती ठरावीक थांब्यानंतर ठिणगी देते. त्यानंतरची पट्टीही फाइलमध्ये आहे. तिच्यात प्रत्येक पीनंतर एक केसासारखी बारीक उभी रेघ आणि लगेच रुंद क्यूआरएस. ती रेघ यंत्राची. क्यूआरएस तरीही रुंदच राहिला, कारण वीज अजूनही मूळ रस्त्याने जात नव्हती, पण आता ती प्रत्येक पीच्या हुकमाबरोबर जात होती. अम्मी त्यानंतर नऊ वर्षे जगली आणि पुन्हा चक्कर येऊन पडली नाही.

भाचीने विचारले, "म्हणजे पट्टी नीट वाचली की सगळं कळतं?"

नाही, आणि ही मर्यादा प्रत्येक घराला माहीत असायला हवी. ईसीजी विजेची नोंद आहे, पंपाची नव्हे. हृदय किती जोराने रक्त फेकते, झडपा नीट मिटतात का, हे त्यात थेट दिसत नाही. त्यासाठी इको असते. शिवाय नेहमीची पट्टी दहा सेकंदांची. अम्मीचे फाटक अधूनमधून बंद पडत असते, तर त्या दहा सेकंदांत सगळे निरोगी दिसले असते. अशा वेळी दिवसभर अंगावर बांधायचे होल्टर यंत्र लावतात. आणि सर्वांत धोक्याची गोष्ट: हृदयविकाराच्या झटक्यात क्यूआरएस आणि टीच्या मधली रेषा वर उचलली जाते किंवा खाली जाते, टी उलटी होते, पण सुरुवातीला पहिला ईसीजी अगदी चांगलाही येऊ शकतो. छातीवर दाब, घाम, जबडा किंवा डावा हात दुखणे चालू असेल, तर "ईसीजी नॉर्मल आला" म्हणून घरी परतू नये. थोड्या वेळाने पुन्हा ईसीजी आणि ट्रोपोनिनची रक्ततपासणी करून घ्यावी.

उलटही घडते. पट्टी वाईट दिसते आणि हृदय चांगले असते. उजव्या आणि डाव्या हाताच्या तारा अदलाबदल झाल्या तर लीड वनमध्ये पी, क्यूआरएस आणि टी तिन्ही उलट्या दिसतात. तिन्ही एकदम उलट्या दिसल्या की आधी तारा तपासायच्या. थंडीने किंवा भीतीने अंग थरथरत असेल तर सपाट रेषेवर बारीक काटे उमटतात आणि त्यात पी हरवते. पेशंटला पांघरूण द्यावे, दोन मिनिटे थांबावे आणि पट्टी परत काढावी.

घरातल्यांना पट्टी वाचून निदान करायचे नाही, ते डॉक्टरांचे काम. पण घरातले कोणी चक्कर येऊन पडले तर मनगटावर तीन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजता येते. चाळीसच्या खाली लागली तर त्याच दिवशी, त्याच तासाला ईसीजी. मी ते फोनवरून भावाला सांगू शकलो असतो. तीन आठवडे सांगितले नाही.

जाताना भाचीने ती पट्टी मागितली. मी झेरॉक्स दिली. ईसीजीचा कागद उष्णतेने उमटणारा असतो, काही वर्षांत तो फिका पडतो आणि रेषा पुसल्या जातात. अम्मीच्या मूळ पट्टीवर आता जेमतेम क्यूआरएसचे कळस दिसतात, पी तर गेलीच आहे. तुमच्या फाइलमध्येही जुना ईसीजी असेल. आज त्याची झेरॉक्स काढून ठेवा. पुढच्या वेळी डॉक्टरांना आधीची पट्टी शेजारी ठेवून पाहता आली, तर नवीन काय आणि जुने काय हे लगेच कळते.

भाचीचा दोन दिवसांनी फोन आला. बाईंनी तोच प्रश्न परत विचारला होता. तिने उत्तर दिले, "पी म्हणजे वरच्या कप्प्यांत वीज पसरणं. तिची नाडी लागत नाही."